ऑफिसची वेळ दहावरून नऊ केली, त्याची नोटीस मला दोनदा काढायला लागली

बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी एचआर आणि अ‍ॅडमिन बघते. हायड्रॉलिकचे पार्ट बनतात आमच्याकडं. फ्लोअरवरची माणसं वेगळी, त्यांच्या शिफ्ट वेगळ्या, हे सगळं ऑफिसच्या 38 जणांबद्दल आहे. स्टोअर, पर्चेस, अकाउंट्स, क्वालिटीचे कागद बघणारे, बिलिंग, डिझाईन असे सगळे मिळून 38. वेळ सकाळी 10 ते संध्याकाळी 6.30, मध्ये अर्धा तास जेवण. ही वेळ कधी ठरली ते कुणालाच आठवत नाही इतकी जुनी.

2024 च्या मे महिन्यात, शनिवार 25 तारखेला दुपारी चार वाजता सरांनी बोलावून सांगितलं की सोमवारपासून ऑफिस नऊला चालू करायचं, नोटीस लावा. मी होय म्हटलं, फाईलमधली जुनी नोटीस काढली, त्याच साच्यात नवीन टाईप केली, आमच्या अकाउंट्सच्या एका सहकाऱ्याकडून कन्नडमध्ये करून घेतली आणि पावणेसहाला दोन्ही कागद बोर्डावर लावून घरी गेले. तीन ओळींची नोटीस होती. "प्रशासकीय कारणास्तव कार्यालयीन वेळेत बदल करण्यात येत असून येत्या सोमवारपासून कार्यालय सकाळी 9.00 वाजता सुरू होईल, याची सर्व कर्मचाऱ्यांनी नोंद घ्यावी." संपलं. तेव्हा मला त्यात काहीच चुकीचं दिसलं नव्हतं, अशाच नोटिसा मी गेली कित्येक वर्षं वाचत आणि लावत आले होते.

सोमवारी, 27 तारखेला नऊ वाजता ऑफिसात 14 माणसं होती. बाकीची 24 नेहमीप्रमाणं पावणेदहा ते दहाच्या दरम्यान आली, आणि थंबच्या मशीनमध्ये मी सकाळीच नवीन वेळ टाकलेली असल्यामुळं त्या 24 जणांना लेट मार्क पडला. आमच्याकडं तीन लेट मार्कला अर्धा दिवस रजा कापतात, म्हणजे ही गोष्ट थेट पगाराला लागते. सव्वादहाला माझ्या टेबलासमोर गर्दी झाली.

पहिलं भांडण तारखेचं. कन्नड नोटीस वाचणारे म्हणत होते आम्हाला 3 जूनपासून सांगितलंय, आज कसला लेट? मी म्हटलं असं कुठं लिहिलंय. एकजण मला बोर्डापाशीच घेऊन गेला आणि कन्नड कागदावर बोट ठेवून म्हणाला, "मुंदिन सोमवार अंद्र मूर तारीख अल्ल्री मॅडम?" तो बरोबर होता. मी मराठीत "येत्या सोमवारपासून" लिहिलं होतं, कन्नड करताना त्याचं "मुंदिन सोमवार", म्हणजे पुढचा सोमवार झालं, "बरुव सोमवार", म्हणजे येणारा सोमवार व्हायला पाहिजे होतं. शनिवारी उभं राहून कुणी मुंदिन सोमवार म्हटलं की निम्मी माणसं परवाचा सोमवार धरतात आणि निम्मी त्याच्या पुढचा. आणि ज्यांनी फक्त मराठी कागद वाचला त्यातसुद्धा दोनतीन जणांनी पुढचा आठवडाच धरला होता, कारण शनिवारी पावणेसहाला कागद लावून परवा सकाळपासून वेळ बदलतात असं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. सहाजण तर शनिवारी साडेपाचलाच परवानगी घेऊन गेलेले, त्यांनी बोर्ड बघितलाच नव्हता.

दुसरं भांडण याच्यापेक्षा मोठं होतं आणि ते मला दुपारपर्यंत कळलंच नाही. स्टोअरचे मामा, आमच्याकडचे सगळ्यात जुने, ते स्वतः नऊला आले होते, काही बोलले नव्हते, जेवणानंतर शांतपणे येऊन बसले आणि म्हणाले, "मॅडम, एक तास जास्तीचा लावलासा तो पगारात धरणार की नाही तेवढं सांगा की." मला आधी कळेचना. मग बघितलं तर नोटिशीत नऊला ऑफिस चालू होणार एवढंच आहे, सुटणार कधी ते कुठंच नाही. सरांच्या आणि माझ्या डोक्यात साडेपाचला सुटायचं हे इतकं पक्कं होतं की लिहायचं राहूनच गेलं, आणि वाचणाऱ्याला काय दिसलं तर सुरुवात एक तास आधी आणि शेवट तोच. तसं असतं तर दिवसाचे नऊ तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे 54 तास झाले असते, आणि कायद्यात आठवड्याला 48 ची मर्यादा आहे, वरचं सगळं ओव्हरटाईम. मामांना हे आकडे पाठ होते. म्हणजे अख्खा दिवस ऑफिसातली माणसं मनातल्या मनात धरून बसली होती की आपल्याकडून फुकट काम करून घेणार आहेत.

आणि तिसरं ते "प्रशासकीय कारणास्तव". हे दोन शब्द लिहिताना मला ते सभ्य वाटले होते. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये काय काय चालू होतं ते मला नंतर सांगितलं गेलं: ऑफिसची माणसं कमी करणार आहेत, लांबून येणारे आपणहून सोडून जावेत म्हणून वेळ अलीकडं आणली, कंपनी विकायला काढलीय. कारण सांगितलं नाही की लोक कारण शोधतात, आणि नोकरीवर असलेला माणूस पहिलं शोधतो ते आपल्या नोकरीवर काय संकट आहे ते. खरं कारण इतकं साधं होतं की ते लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

चार वाजता मी सरांकडं गेले आणि म्हटलं नोटीस मागं घेऊया. सर जरा नाराज झाले, एकदा सांगितलेलं मागं कसं घ्यायचं म्हणाले, पण मी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या, तारीख, सुटायची वेळ आणि आणखी एक जी मला स्वतःलाच त्या दुपारी कायद्याचं पुस्तक उघडल्यावर लक्षात आली होती. औद्योगिक विवाद कायदा 1947, त्याचं कलम 9अ. कामाचे तास आणि मधली सुट्टी यात बदल करायचा असेल तर ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना आधी नोटीस द्यायची आणि नोटीस दिल्यापासून 21 दिवसांच्या आत तो बदल लागू करायचा नाही. यात "कामगार" म्हणजे फक्त मशीनवरचा माणूस नव्हे, क्लार्कचं काम करणाराही त्यात येतो, मॅनेजरच्या पातळीवरचे येत नाहीत. आमच्या 38 पैकी बहुतेक सगळे त्यात बसत होते. आम्ही त्यांना 39 तासांची नोटीस दिली होती, त्यातला बराचसा रविवार. (आता 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता आली, जुना कायदा गेला, पण 21 दिवसांची अट तिथं कलम 40 मध्ये तशीच आहे, म्हणून आज कुणी हे करणार असेल तर सुटका नाही.)

सरांनी ऐकलं. पाच वाजता बोर्डावर कागद लागला, 25 मे ची नोटीस रद्द, वेळ आधीचीच 10 ते 6.30, आजचे सगळे लेट मार्क काढले. याच्यावर मी तारीख, वार, सगळं लिहिलं.

मग पुढचे दहाअकरा दिवस मी ते काम केलं जे खरंतर आधी करायला पाहिजे होतं.

पहिलं म्हणजे कारण नीट समजून घेतलं. सरांनी मला फक्त "सकाळी गाड्या थांबतात" एवढं सांगितलं होतं. मी गेटवरचं रजिस्टर मागवलं. जाड पुठ्ठ्याचं, कोपरे तेलकट झालेलं, त्यात गाडी नंबर, कुठून आली, आत यायची वेळ, माल उतरायला सुरुवात, बाहेर जायची वेळ असे रकाने. एप्रिलचा अख्खा महिना मी बसून काढला. कच्च्या मालाच्या 54 गाड्या आल्या होत्या आणि त्यातल्या 31 दहाच्या आत गेटवर होत्या, कारण कोल्हापूर, सांगलीकडून रात्री किंवा पहाटे निघालेली गाडी आठ साडेआठला बेळगावात पोचते. 16 एप्रिलची एक ओळ मी कागदावर उतरवून घेतली: गोल बारची गाडी, आत 8.20, उतरायला सुरुवात 10.25. दोन तास पाच मिनिटं गाडी झाडाखाली उभी आणि फ्लोअरवर पहिल्या शिफ्टमधली दोन मशीनं त्याच बारची वाट बघत बंद.

मला माहीत होतं की पहिला प्रश्न हाच येणार, मग स्टोअरच्या एकाला लवकर बोलवा, सगळ्यांना कशाला. तर ते आधी करून झालं होतं. फेब्रुवारी मार्चमध्ये मामा साडेआठला यायचे. पण गाडी आली की मामा नग मोजणार आणि वजनाची पावती बघणार, मालाची टेस्ट सर्टिफिकेट क्वालिटीच्या माणसानं बघायला पाहिजे, बिलातला दर आपल्या ऑर्डरशी जुळतो का ते पर्चेसनं, आणि जुळत नसला तर अकाउंट्सला विचारल्याशिवाय इनवर्ड होत नाही. दर आठवड्याला एखादी गाडी अशी निघायची की दरात फरक, आणि मामा फोन लावत बसायचे, तिकडं माणूस अजून बसमध्ये. एकटा माणूस लवकर येऊन उपयोग नाही हे मामांनीच मला समजावून सांगितलं, आणि नंतर मीटिंगमध्येही हे मामाच बोलले, त्यामुळं त्याला वजन आलं.

दुसरं काम, कोण कशानं येतं. हे मला माहीत आहे असं मला वाटायचं, लिहायला बसल्यावर कळलं की निम्म्या लोकांचं माहीत नाही. प्रत्येकाजवळ जाऊन विचारलं, गाव कुठलं, कशानं येता, नऊला पोचायचं तर घरातून कधी निघायला लागेल. 21 जण आपल्या टू-व्हीलरवरून, त्यांना फारसा फरक नव्हता. सहाजण जवळचे, मच्छे, पिरनवाडी, चालत नाहीतर कुणाच्या तरी मागं बसून. राहिले 11 बसवाले, आणि सगळी अडचण इथं.

बसवाल्यांत सात बायका. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही, त्यामुळं आमच्या बायका बसच धरतात आणि ते साहजिक आहे, महिन्याचे पैसे वाचतात. आता त्यांना एक तास आधी या म्हटलं आणि त्या वेळेला बस नसली तर त्यांनी यायचं कसं, पैसे देऊन रिक्षानं? म्हणजे आमच्या एका कागदानं त्यांचा महिन्याचा खर्च वाढणार. एकीची अडचण आणखी वेगळी, ती चंदगड तालुक्यातल्या गावातून येते, म्हणजे महाराष्ट्रातून, तिला कर्नाटकची शक्ती लागू नाही, ती एसटीला महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत अर्ध्या तिकिटात येते, आणि तिच्या गावातून बेळगावला येणारी सोयीची एसटी चुकली तर वडापशिवाय काही नाही. आठच्या आत तिला ते गाव सोडायलाच जमत नव्हतं. खानापूरकडच्या दोघी साडेनऊला पोचू शकत होत्या पण नऊला नाही, पावसाळ्यात तर नाहीच. आणि एक अकाउंट्सची ताई, तिची मुलगी पहिलीत, शाळेत सोडून यायचं तर सव्वानऊ. बाकीचे सातजण म्हणाले जमवू.

म्हणजे चारजण अडतात. हे सरांना सांगितल्यावर त्यांच्या तोंडून पहिला शब्द आला तो, "मग त्यांच्यासाठी सगळं थांबवायचं का?" तसं नव्हतंच. आमचं बिलिंग संध्याकाळी चालतं, पुण्याकडं जाणारा माल सहाच्या सुमाराला गाडीत भरतात आणि शेवटचं बिल आणि ई-वे बिल साडेपाचच्या पुढंच होतं. सगळं ऑफिस साडेपाचला उठलं तर हे कोण करणार, याचा विचार पहिल्या नोटिशीच्या वेळी कुणीच केला नव्हता, मीही नाही. या चौघांतल्या दोघी बिलिंगमध्येच होत्या. तेव्हा चौघींना 9.30 ते 6.00. सवलत म्हणून नाही, त्यांचीच तिथं गरज होती. हे शब्द मी मुद्दाम सरांच्या तोंडून मीटिंगमध्ये वदवून घेतले कारण नाहीतर बाकीचे त्या चौघींकडं वर्षभर त्या नजरेनं बघतात.

तारीख निवडायला मी कॅलेंडर घेऊन बसले. 8 जून, शनिवारी नोटीस दिली तर 21 दिवस 29 जूनला होतात, आणि सोमवार 1 जुलै. महिन्याची पहिली तारीख, आठवड्याचा पहिला दिवस, पगाराचा महिना तिथूनच चालू, म्हणजे हजेरीच्या एकाच महिन्यात दोन वेळा मिसळत नाहीत. मध्येच 18 तारखेला वगैरे बदल केला की त्या महिन्याची हजेरी जुळवताना अर्धे दिवस एका नियमानं आणि अर्धे दुसऱ्या नियमानं बघायला लागतात आणि चुका त्यातच होतात.

मग नोटीस लिहिली. या वेळी मी ती आधी कागदावर लिहून मामांना आणि शिपायाला वाचायला दिली आणि दोघांनाही एकच विचारलं, "यावरून तुम्ही कुठल्या दिवशी किती वाजता येणार आणि किती वाजता जाणार?" उत्तर लगेच आलं तर ठीक. पहिल्या मसुद्यात मी "01-07-2024" लिहिलं होतं, शिपाई क्षणभर थांबला, म्हणून महिना अक्षरात केला. शेवटी लागली ती ही:

> ऑफिसच्या वेळेत बदल
>
> सोमवार, 1 जुलै 2024 पासून ऑफिसची वेळ सकाळी 9.00 ते संध्याकाळी 5.30 राहील. जेवणाची सुट्टी दुपारी 1.00 ते 1.30. शनिवार, 29 जून 2024 पर्यंत आताचीच वेळ (10.00 ते 6.30) चालू राहील.
>
> कामाचे तास वाढलेले नाहीत. आधीही दिवसाला 8 तास होते, पुढेही 8 तासच राहतील. पगार, सुट्ट्या, रजा यात कोणताही बदल नाही.
>
> कारण: कच्चा माल घेऊन येणाऱ्या बऱ्याच गाड्या सकाळी 8 ते 9.30 मध्ये येतात. कागद तपासायला ऑफिसची माणसं 10 ला येत असल्यानं गाड्या थांबतात आणि मशीनला माल उशिरा मिळतो. हेच एक कारण आहे.
>
> बिलिंग आणि अकाउंट्समधल्या चार जणांची वेळ 9.30 ते 6.00 राहील. त्यांना वेगळं पत्र दिलं आहे.
>
> या वेळेला पोचण्यात कुणाला अडचण असेल तर शनिवार, 15 जून 2024 पर्यंत एचआरकडं लिहून द्यावी. 1 ते 6 जुलै या पहिल्या आठवड्यात लेट मार्क लागणार नाही.

खाली सरांची सही आणि नोटीस दिल्याची तारीख, 8 जून 2024. कन्नड कागद त्याच मापाचा, त्याच टाईपात, शेजारी, वरखाली नाही. कन्नड करताना या वेळी मी त्या सहकाऱ्याशेजारीच बसले आणि त्याला एकच सांगितलं की येत्या, पुढच्या, मुंदिन, असला कुठलाच शब्द दोन्हीकडं नको, वार आणि तारीख आणि आकडे. मग कन्नड कागद मी दुसऱ्याच एका कन्नड बोलणाऱ्या अक्कांना दिला आणि त्यांना म्हटलं हे मला मराठीत सांगा. त्यांनी सांगितलेलं आणि माझा मूळ कागद जुळला तेव्हाच तो बोर्डावर गेला. बेळगावात दोन भाषांत काम करणाऱ्या कुणालाही माझं हे सांगणं आहे, उलटं वाचून घेतल्याशिवाय लावू नका, भाषांतर करणाऱ्याची चूक त्याला स्वतःला दिसत नाही.

बोर्डावर लावायच्या आधी, शनिवारी दुपारी तीनला, सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं. सुटायच्या वेळी नाही, कामाच्या वेळेत. सर पाच मिनिटं बोलले, 16 एप्रिलची ती ओळ त्यांनी रजिस्टरमधूनच वाचून दाखवली, 8.20 आणि 10.25, आणि 25 तारखेची नोटीस घाईत काढली ही आमची चूक होती हेही म्हणाले. ते म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. खोलीतली माणसं त्यानंतर सैल झाली हे दिसत होतं. प्रश्न आले ते सगळे कामाचे होते. श्रावणात, गणपतीत काय, तर तेच. पावसात बस उशिरा आली तर काय, यावर सरांनी तिथंच सांगितलं की बसचा उशीर असेल आणि फोन करून कळवलं तर त्या दिवशी मार्क नाही, आणि मी ते सोमवारी लिहून नोटिशीखाली जोडलं, कारण तोंडी सांगितलेलं सहा महिन्यांनी प्रत्येकाला वेगळं आठवतं.

प्रत्येकाला एक प्रत दिली आणि यादीवर सही घेतली. 38 पैकी 35 सह्या त्या दिवशी झाल्या. एकजण मार्केटिंगच्या फिरतीवर, एक बाळंतपणाच्या रजेवर, एक आजारी. फिरतीवरच्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून "वाचलं" असं उत्तर घेतलं आणि त्याच दिवशी रजिस्टर पोस्टानंही पाठवलं, बाकी दोघींना पोस्टानं. कामगार खात्याला एक प्रत गेली. 21 दिवस मोजायचे ते नोटीस हातात दिल्यापासून, बोर्डावर लावली म्हणून सगळ्यांना मिळाली असं नुसतं गृहीत धरता येत नाही, म्हणून या तिघांचा मी एवढा पाठपुरावा केला.

15 जूनपर्यंत दोन अर्ज आले. एक टू-व्हीलरवाला मुलगा, आईचं डायलिसिस आठवड्यातून दोन सकाळी, त्याला ते दोन दिवस 9.30 दिलं. हे विचारल्याशिवाय मला कधीच कळलं नसतं, तो आतापर्यंत दहाच्या वेळेत बसवत होता. दुसरा अर्ज नुसता "मला जमणार नाही" एवढाच होता, त्यांच्याशी बोलले, अडचण खरी नव्हती, झोपेची होती, त्यांना नाही म्हटलं.

1 जुलैला सकाळी नऊला 38 पैकी 32 हजर, चौघी साडेनऊला, एक रजेवर, एकजण दहा मिनिटं उशिरा. धो धो पाऊस होता त्या दिवशी. मला वाटलं झालं आता, पण दोन गोष्टी निसटल्या होत्या.

एक मशीनमध्ये. थंबच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ ही माणसागणिक लावावी लागते, मी शनिवारी संध्याकाळी सगळ्यांची बदलली, पण सहाजण डिझाईनचे, त्यांचा ग्रुप वेगळा होता आणि तो जुन्याच वेळेवर राहिला. हे येताना कळत नाही कारण नऊला आलेला माणूस दहाच्या वेळेला लवकरच दिसतो. जाताना कळतं, साडेपाचला थंब लावला की "लवकर गेला" असं पडतं. बुधवारी रिपोर्ट काढला तेव्हा सहाजणांच्या नावापुढं तीन तीन दिवस लवकर गेल्याची नोंद. पहिल्या आठवड्यात लेट मार्क नव्हता म्हणून कुणाचं नुकसान झालं नाही, पण मी तो रिपोर्ट महिनाअखेरीला काढला असता तर सहाजणांचा पगार कापून गेला असता. तेव्हा वेळ बदलली की तिसऱ्या दिवशी येण्याचाही आणि जाण्याचाही रिपोर्ट काढून बघा.

दुसरं कुरिअर. आम्ही सगळं आतल्या माणसांना सांगितलं आणि बाहेरच्यांना विसरलो. कुरिअरवाला पोरगा रोज सहा वाजता यायचा. सोमवारी आला, पाकिटं देणारे साडेपाचलाच गेलेले, बिलिंगच्या ताई सहाला निघायच्या गडबडीत, त्यांना कुठली पाकिटं कुठं ते माहीत नाही, परत गेला. मंगळवारीही तसंच. त्यात एका गिऱ्हाईकाची टेस्ट सर्टिफिकेटं होती, ती दोन दिवस पडून राहिली आणि तिकडून फोन आला. मग बसून यादी केली, बाहेरचं कोण कोण आपल्या वेळेवर अवलंबून आहे, कुरिअर, चहावाला, बँकेत जाणारा मुलगा, पाण्याचे जार, नेहमीचे सप्लायर, आणि गेटवरची पाटी, तिच्यावर अजून 10 ते 6.30 च होतं. बुधवार गुरुवारात सगळ्यांना फोन झाले. कुरिअर आता पाचला येतो. पाटी रंगवायला पुढचा आठवडा लागला.

जुलै संपल्यावर मी परत गेटचं रजिस्टर घेऊन बसले. दहाच्या आत आलेल्या 29 गाड्या होत्या, त्यातल्या 24 ना साडेनऊच्या आत हात लागला होता. पाच राहिल्या त्यातल्या तीन कागदात गोंधळ असलेल्या आणि दोन पावसामुळं उतरवता न आलेल्या. मामांनी त्या पाच ओळींपुढं पेन्सिलीनं कारण लिहून ठेवलं होतं, मी न सांगता.

ऑक्टोबरमध्ये खानापूरकडच्या दोघींपैकी एकीनं स्वतःच लिहून दिलं की तिला आता गावातल्या एकीच्या स्कूटरवरून यायला जमतंय, तिला नऊची वेळ द्या, संध्याकाळी अर्धा तास लवकर घरी पोचते. तिचं पत्र बदललं, मशीनमधली वेळ बदलली, आणि तिसऱ्या दिवशी तिचा येण्याजाण्याचा रिपोर्ट काढून बघितला, बरोबर होता.